अर्धा ग्लास, एक शाई

चहाचा नवा ब्रँड काढणारी मंडळी चित्र काढून देणाऱ्या एआय साधनापुढे बसली, की बहुतेक वेळा पहिली ओळ अशी टाइप होते:

```
minimalist logo for a tea startup, elegant, modern, green and brown
```

आणि समोर काय येणार हे जवळपास ठरलेलं असतं. एक गोल, त्यात कप, कपावर वाफेच्या दोन वेलांट्या, बाजूला हिरवं पान. पानावर हलकी चमक, खाली कोणत्याच भाषेत न बसणारी अक्षरं आणि पुष्कळदा हे सगळं लाकडी टेबलावर ठेवलेल्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं. चित्र वाईट नसतं. पण शंभर जणांनी ही ओळ लिहिली तर शंभर जणांना याच्याच भावकीतलं काहीतरी मिळतं आणि बोधचिन्हाचं पहिलं काम तर वेगळं ओळखू येणं हे आहे.

दोष त्या ओळीत आहे. ‘मिनिमलिस्ट’, ‘एलिगंट’, ‘मॉडर्न’ हे आपले अभिप्राय आहेत, सूचना नाहीत. चित्र पाहून झाल्यावर आपण म्हणतो, ‘छान, साधं आहे’. ते साधं कशामुळे झालं, आकृती किती, कोपरे किती, रंग किती, हे त्या शब्दांत कुठेच सांगितलेलं नसतं. मग न सांगितलेल्या सगळ्या जागा यंत्र स्वतःच्या सरासरीने भरतं. चांगल्या ब्रीफची कसोटी त्यामुळे सोपी आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य असं हवं, की तयार चित्राकडे बोट दाखवून ‘हे पाळलं’ किंवा ‘हे पाळलं नाही’ एवढंच उत्तर देता यावं. ‘आकर्षक असावं’ या वाक्याला असं उत्तर देता येत नाही. ‘एकच रंग असावा’ याला देता येतं.

हे एका उदाहरणावर नीट करून पाहू.

आधी मराठीत ठरवा

समजा, पुण्यातल्या दोन भागीदारांना कडक मसाला चहाची पावडर पाकिटातून विकायची आहे आणि सोबत एक छोटा स्टॉलही टाकायचा आहे. चिन्ह लागणार आहे ते चार ठिकाणी: तपकिरी क्राफ्ट कागदाच्या पिशवीवर, कागदी कपावर, व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत आणि वेबसाइटच्या टॅबवर दिसणाऱ्या सोळा बाय सोळा पिक्सेलच्या इवल्याशा चौकटीत. ही यादी सगळ्यात आधी लिहायची, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक अट तिच्यातूनच निघते. जागा न ठरवता घातलेली अट ही नुसती आवड असते.

मग कल्पना, आणि तीही एकच. चहा म्हटलं की पान, कप, वाफ आणि किटली या चार गोष्टी आपोआप सुचतात. त्यांतलं पान तर फारच वापरलं गेलेलं आहे. ‘दोन पानं आणि एक कळी’ ही चहाच्या मळ्यातली खुडणीची रीत, आणि टी बोर्डाच्या दार्जिलिंग चहाच्या चिन्हातही हाती पानं-कळी धरलेली स्त्री आहे. नवख्या माणसाने त्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही. आपले भागीदार मळेवाले नाहीत, कटिंगवाल्या शहरातले आहेत. कटिंग म्हणजे अर्धा चहा. तेव्हा कल्पना ठरली: वर रुंद, खाली निमुळता असा टपरीवरचा ग्लास, अर्धा भरलेला. बस्स. पान नाही, वाफ नाही, बशी नाही.

आता ही कल्पना भूमितीच्या भाषेत उतरवायची. इथेच ब्रीफ खरं घडतं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

ग्लास म्हणजे समलंब चौकोन. वरच्या बाजूने त्यात दुसरा छोटा समलंब चौकोन कापून काढला, की उरते एकच बंद आकृती: खालचा अर्धा भाग भरीव, वर दोन्ही बाजूंना तिरक्या भिंती, तोंड उघडं. या आकृतीला बरोबर आठ कोपरे येतात. वक्र रेषा एकही नाही. ‘मिनिमलिस्ट’ या शब्दाच्या जागी आता ‘एक बंद आकृती, आठ कोपरे, सगळ्या रेषा सरळ’ असं म्हणता येतं आणि ते मोजून पाहता येतं.

पण आकृती साधी झाली की नवा धोका येतो. निमुळता समलंब चौकोन म्हणजे बादलीही असू शकते आणि तुळशीची कुंडीही. फरक पडतो तो प्रमाणात. बादली जितकी उंच तितकीच जवळपास रुंद असते. ग्लास त्याहून उंच असतो. म्हणून दुसरी अट: उंची ही वरच्या रुंदीच्या दीडपट, आणि तळ वरच्या रुंदीच्या तीनचतुर्थांश. एवढ्या दोन आकड्यांनी बादली मागे पडते.

तिसरी अट भिंतीच्या जाडीची. ती मनाने ठरवायची नसते, सगळ्यात लहान जागेवरून उलट मोजत काढायची असते. टॅबवरची चौकट सोळा पिक्सेलची. चिन्हाने उंचीचा तीनचतुर्थांश भाग व्यापला तर ते बारा पिक्सेल उंच होईल. दीडपटीच्या हिशेबाने वरची रुंदी आठ पिक्सेल. भिंत रुंदीच्या एक अष्टमांश धरली तर ती बरोबर एक पिक्सेल. त्याहून बारीक केली तर पडदा अर्धा पिक्सेल दाखवू शकत नाही. रेषा फिकट, धुरकट होते आणि ग्लासाच्या भिंती नाहीशा होऊन खाली नुसता ठोकळा उरतो. म्हणून एक अष्टमांश ही किमान जाडी. मोठ्या फलकावर नाजूक रेषा देखणी वाटते हे खरं, पण चिन्हाचं आयुष्य फलकावर कमी आणि फोनवर जास्त जातं.

गोल डीपीचा हिशेबही इथेच उरकून घेता येतो. हजार पिक्सेलच्या चौकोनात साडेसातशे उंच आणि पाचशे रुंद ग्लास मधोमध ठेवला, तर त्याचे वरचे कोपरे केंद्रापासून साधारण साडेचारशे पिक्सेलवर येतात. डीपीच्या वर्तुळाची त्रिज्या पाचशे. कोपरे आत राहतात, कापले जात नाहीत, पण मोकळी जागा बेताचीच. म्हणून ‘उंची चौकटीच्या तीनचतुर्थांशाहून जास्त नको’ ही चौथी अट.

रंग कागदावर ठरतो

रंगाची अट एका ओळीत मावते: एकच शाई, बाकी कागद. त्यामागे सरळ व्यवहार आहे. कपावर किंवा पिशवीवर एकरंगी छपाई स्वस्त पडते, दोन रंग एकमेकांवर नेमके बसवण्याची कटकट राहत नाही आणि रबरी शिक्क्यापासून भरतकामापर्यंत तेच चिन्ह कुठेही चालतं. रंगछटांचा उतार, म्हणजे ग्रेडियंट, शिक्क्यावर येतच नाही.

शाई कोणती? पटकन सुचतो तो दुधाच्या चहाचा रंग, फिकट बदामी. पांढऱ्या पडद्यावर तो गोडही दिसतो. पण आपली पिशवी क्राफ्ट कागदाची, आणि क्राफ्ट कागदाचा रंग म्हणजे साधारण तोच बदामी. छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते. खाली पांढऱ्या शाईचा थर दिला नाही तर कागदाचा रंग तिच्यातून डोकावतो आणि शाई मळकट दिसते. चहाच्या रंगाचं चिन्ह चहाच्या रंगाच्या पिशवीवर विरघळून जाईल. म्हणून गडद विटकरी-तपकिरी घ्यायचा, बिनदुधाच्या कडक चहाच्या जवळचा. उदाहरणार्थ `#7A3414`. पांढऱ्यावर त्याचं तेज-अंतर साधारण 9:1 येतं आणि मध्यम क्राफ्ट कागदावर साधारण साडेतीन. वेबवरच्या चित्रचिन्हांसाठी किमान 3:1 असावं असा सुगम्यतेचा संकेत आहे. म्हणजे क्राफ्टवर आपण जेमतेम पार पडतो. फिकट बदामी घेतला असता तर सपशेल नापास.

पण हा रंगाचा कोड प्रॉम्प्टमध्ये घालून उपयोग नाही. चित्र काढणारी ही साधनं चित्रं आणि त्यांच्या खालची वर्णनं यांच्या अफाट जोड्यांवरून शिकलेली असतात. चित्राखाली ‘विटकरी भिंत’ असं लिहिलेलं असतं, रंगाचा सहा अंकी कोड कोणी लिहीत नाही. त्यामुळे कोड दिला की कधी तो दुर्लक्षिला जातो, कधी रंग भलताच निघतो, तर कधी ती अक्षरंच चित्रात उमटतात. यंत्राला रंगाचं नाव सांगायचं, नेमका कोड नंतर आपण भरायचा. ब्रीफचे हे दोन भाग वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं: यंत्राने काय करायचं, आणि काय आपल्या हातात ठेवायचं.

चिन्हाखालचं नावही आपल्याच हातात ठेवावं. अलीकडची साधनं इंग्रजी अक्षरं बऱ्यापैकी लिहितात, पण देवनागरीत अजून घोटाळा होतो. जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. नाव खऱ्या टंकातच बसवावं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू हे टंक खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात, आणि मुक्तची सरळ, मोकळी वळणं या सरळ रेषांच्या ग्लासाशेजारी शोभतात.

यंत्राला सांगायची भाषा

आता प्रॉम्प्ट. तो इंग्रजीत लिहिणं सोयीचं, कारण शिकवणीतली बहुतांश वर्णनं इंग्रजी होती. तो आखूड ठेवणंही गरजेचं. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका वेळी 77 टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, एवढंच वाचत. नव्या साधनांची मर्यादा मोठी आहे, पण लांबलचक प्रॉम्प्टमध्ये मागच्या अटी ढिल्या पडतात हा अनुभव कायम आहे. पहिला मसुदा असा:

```
Flat pictogram, strict front view, plain white square.
One solid dark rust-brown shape: a tall tapered glass,
straight sides, sharp corners, base narrower than top.
Lower half filled solid, upper half hollow, open at the top,
straight level. Height one and a half times the width.
Single flat colour, wide empty margin.
```

यात दोन शब्द मुद्दाम गाळले आहेत: ‘टी’ आणि ‘लोगो’. ‘टी’ लिहिलं की पान आणि वाफ पाठोपाठ येतात, कारण चहाच्या बहुतेक चित्रांत ती असतातच. ‘लोगो’ लिहिलं की खाली खोटी अक्षरं आणि व्हिजिटिंग कार्ड येण्याची शक्यता वाढते. चित्र चहाच्या ब्रँडसाठी आहे हे आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं. यंत्राला फक्त आकृती सांगायची.

‘वाफ नको, पान नको’ असं वाक्यात लिहिणंही टाळलं आहे. चित्राखालच्या वर्णनात जे असतं तेच लिहितात, जे नाही त्याची यादी कोणी देत नाही. त्यामुळे बरीच साधनं नकार नीट समजत नाहीत. ‘वाफ’ हा शब्द दिसला की वाफ काढतात. नको असलेली गोष्ट होकारात सांगावी: ‘सभोवार मोकळी पांढरी जागा’. काही साधनांत नकारांसाठी वेगळी सोय असते, तिथे ती वापरावी. ‘स्टेबल डिफ्यूजन’मध्ये नकारांचा स्वतंत्र रकाना मिळतो, ‘मिडजर्नी’त प्रॉम्प्टच्या शेवटी असं जोडतात:

```
--ar 1:1 --no steam, leaf, text, shadow, gradient
```

हा पहिला मसुदाही एका फटक्यात पास होत नाही, आणि नापास कुठे होतो ते बघण्यासारखं आहे. पहिली अडचण ‘ग्लास’ या शब्दाचीच. काच म्हटली की चकाकी, पारदर्शकपणा आणि वरच्या काठाला लंबगोल येतो, म्हणजे ग्लास किंचित वरून पाहिल्यासारखा दिसतो. भरीव सपाट आकृती राहते बाजूला. त्यावर उपाय म्हणजे काचेचा उल्लेखच काढून ‘a tall tapered tumbler silhouette’ असं लिहिणं. छायाकृती म्हटलं की चकाकीला जागाच राहत नाही.

दुसरी अडचण पातळीची. यंत्राच्या मनात प्रत्येक पेयाची एक ठरलेली पातळी असते. ‘वाइनचा काठोकाठ भरलेला ग्लास काढून दाखव’ ही परीक्षा 2025 च्या सुमारास बरीच गाजली, कारण फोटोंमध्ये वाइन नेहमी अर्ध्यापर्यंतच असते आणि साधनं सांगूनही ती काठापर्यंत नेत नव्हती. आपली अडचण उलटी: चहा बहुधा भरलेला दिसतो, म्हणून अर्ध्याचा पाऊण होतो किंवा पातळीला लाट येते. इथे ‘भरलेला’ हा शब्दच सोडून द्यावा आणि आकृतीची भाषा बोलावी: ‘a rectangular notch cut from the top, reaching exactly halfway down’. पेय उरलं नाही, खाच उरली. आणि खाच कुठवर जाते हे यंत्राला तुलनेने बरं कळतं. खाच थोडी चौकोनी निघाली तरी हरकत नाही, तिरक्या भिंती नंतर आपण घालणार आहोत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच वाक्य बदलावं. साधनात बीज-क्रमांक कायम ठेवायची सोय असेल (‘मिडजर्नी’त `--seed`) तर तो कायम ठेवावा. तीन वाक्यं एकदम बदलली आणि चित्र सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या फेरीत सुधारणा हातची जाते. समोर आलेली चित्रं आवडली की नाही हे शेवटी विचारायचं. आधी अटींची यादी घेऊन एकेक टिक करायची: आकृती एक? रेषा सरळ? रंग एक? पातळी मध्यावर? उंची दीडपट? आवडलेलं पण दोन अटी मोडणारं चित्र बाजूला ठेवणं जड जातं, पण यादी त्यासाठीच केलेली असते.

चित्र आलं, चिन्ह अजून नाही

मिळतं ते पिक्सेलांचं चित्र. डोळ्यांना एकच दिसणारा रंग ड्रॉपरने तीन-चार जागी उचलून पाहिला, की कोड थोडेथोडे वेगळे निघतात. एकरंगी छपाईला हे चालत नाही. चित्र वेक्टरमध्ये, म्हणजे रेषा-बिंदूंच्या स्वरूपात, आणावं लागतं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप करणारी ट्रेस बिटमॅप नावाची सोय आहे. ती वापरून बघा आणि मग बिंदू मोजा. आठ कोपऱ्यांच्या आकृतीला आठच बिंदू हवेत. आपोआप निघालेल्या आकृतीत डझनांनी बिंदू निघाले आणि सरळ कडा बारीक थरथरताना दिसल्या, तर ती टाकून द्यावी. चित्र खाली ठेवून वर आठ बिंदू हाताने टेकवावेत, `#7A3414` भरावा, भिंतीची जाडी एक अष्टमांश आहे का ते मोजावं.

मग चार जागांची चाचणी. सोळा पिक्सेलला लहान करून भिंती टिकतात का, वर्तुळात कोपरे राहतात का, झेरॉक्स काढल्यावर ओळखू येतं का, खऱ्या क्राफ्ट पिशवीवर छापून हातभर अंतरावरून दिसतं का. शेवटी कामाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना काही न सांगता विचारावं, हे काय आहे? ‘बादली’ असं उत्तर आलं तर रंग बदलून उपयोग नाही, उंची वाढवावी.

कायद्याची बाजू थोडक्यात. पाकिटातला चहा ट्रेडमार्कच्या वर्ग 30 मध्ये येतो, चहाचा स्टॉल वर्ग 43 मध्ये. आपल्याला दोन्ही लागतील. भारतीय नोंदणी कार्यालयाच्या खुल्या शोधात नावाखेरीज चित्राच्या प्रकारानुसारही, व्हिएन्ना कोडने, शोधता येतं. अर्जाआधी ग्लासांची चिन्हं तिथे पाहून घ्यावीत. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 10 नुसार रंगाचं बंधन न घालता नोंदवलेलं चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवलेलं मानलं जातं, म्हणून अर्ज काळ्या-पांढऱ्यात करण्यात फायदा आहे. मात्र ग्लास हा चहाच्या धंद्यात सगळ्यांचाच. नुसत्या ग्लासाच्या आकृतीवर एकट्याचा हक्क मिळणं कठीण. नाव आणि आकृती मिळून जे होतं त्याला जास्त बळ असतं. कॉपीराइटचा प्रश्नही अजून पुरता सुटलेला नाही. भारतीय कायद्यात संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम आहे. उलट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 च्या अहवालात नुसत्या प्रॉम्प्टने कर्तेपण सिद्ध होत नाही अशी भूमिका घेतली. चालू ब्रँडचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालून ‘याच्यासारखं’ मागणं तर अंगावर येणारंच आहे.

इथवर आल्यावर एक प्रश्न पडायलाच हवा. ब्रीफ इतकं घट्ट झालं, की ते वाचून कोणीही आठ बिंदूंत हाताने चिन्ह काढू शकेल. मग यंत्र कशाला हवं होतं? त्याचा खरा उपयोग दोन टोकांना आहे. सुरुवातीला ढिला प्रॉम्प्ट लिहून जे येतं ते म्हणजे सगळ्यांना सुचणाऱ्या गोष्टींची यादी, अर्थात आपण काय टाळायचं त्याची. आणि कल्पना ठरल्यावर उंची सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट अशी वेगवेगळी प्रमाणं समोरासमोर मांडून बघायला ते तासाभराचं काम मिनिटांत आणतं. मधलं काम, म्हणजे कटिंगचा अर्धा ग्लास निवडणं आणि बदामी रंग नाकारणं, भागीदारांनाच करावं लागतं. म्हणून तीन फेऱ्यांनंतरही एखादी अट मोडतच राहिली, तर चौथा प्रॉम्प्ट लिहीत बसू नये. अटींचा कागद पुढ्यात घ्यावा, इंकस्केप उघडावं आणि आठ बिंदू आपणच टेकवावेत. किंवा तोच कागद ओळखीच्या डिझायनरच्या हाती द्यावा. त्याला तो यंत्रापेक्षा नीट वाचता येतो.